करार संपला, पण गाड्या चालूच : दर कुणाचा धरायचा?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत आमची छोटी फौंड्री आहे. पुण्याला कास्टिंग पाठवायचा ट्रान्सपोर्टवाल्याशी वर्षाचा रेट करार आहे, गाडीमागे 18,000 रुपये. तो 31 मार्चला संपतो. त्यांनी सरसकट 12 टक्के वाढ मागितली आहे. थोडी वाढ मी देईन, पण गाडी वेळेवर लागत नाही, त्याची अट हवी. गेल्या वर्षी बोलणी चालू असतानाच गाड्या भरत राहिलो आणि बिलं त्यांच्याच दराने आली. यंदा प्रस्ताव कसा पाठवू?

उत्तर : गेल्या वर्षी काय घडलं ते आधी समजून घ्या. त्यांनी नवे दर कळवले, हा कायद्याने प्रस्ताव झाला. लेखी विरोध न करता तुम्ही त्यांच्या गाड्या भरत राहिलात, म्हणजे वागण्यातून तो स्वीकारलात, असं ते म्हणू शकतात. भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 8 त्यांच्या बाजूने जातं. यंदा हेच कलम तुमच्या कामी यायला हवं.

जुन्या करारात नूतनीकरणाचं कलम आहे का, ते आजच बघा. आपोआप मुदतवाढ किंवा आगाऊ नोटिशीची अट असेल, तर ती तारीख चुकवू नका. मग मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पोचपावती घेऊन पत्र द्या. दर आणि अटी एकाच पत्रात हव्यात, आणि त्यात ठळक लिहा : 'हे दर व अटी एकत्रच आहेत. 1 एप्रिलपासून आपण लावलेली प्रत्येक गाडी यांनुसारच आली असे धरले जाईल. सही होईपर्यंत जुन्या दराने रक्कम दिली जाईल व फरक नंतर वळता होईल.' 'आठ दिवसांत उत्तर न आल्यास मान्य समजू' एवढ्यावर विसंबू नका. नुसतं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. पत्र मिळूनही गाडी लावणं मात्र संमतीच्या बरंच जवळ जातं. त्यांनी 'दर मान्य, अटी नाहीत' असं उत्तर दिलं, तर ती स्वीकृती नाही, उलट प्रस्ताव आहे. त्यावर गाडी भरू नका, लगेच लेखी नकार कळवा.

दराचं म्हणाल तर त्यांच्याकडे हिशेब मागा. पुण्याला जाऊन-येऊन सुमारे 680 किलोमीटर होतात. लिटरला 5 किलोमीटर धरले तर 136 लिटर डिझेल. 1 एप्रिल 2025 ला कर्नाटकाने विक्रीकर वाढवला तेव्हा डिझेल लिटरमागे दोन रुपयांनी चढलं. तेवढ्या वाढीचे फेरीमागे 272 रुपये होतात. 12 टक्के म्हणजे 2,160. टोल, टायर, ड्रायव्हरचा पगार यांचीही वाढ असेल, ती द्यायला हवीच, पण ती त्यांनी आकड्यांनी दाखवावी. डिझेलची वाढ-घट वेगळ्या सूत्राने करा आणि कुठल्या पंपाचा भाव ते लिहा, कारण कोगनोळी ओलांडली की राज्य बदलतं आणि भावही बदलतो. मी 'बेळगावातील भाव, महिन्याच्या 1 तारखेचा' असं लिहायला सांगतो. भाव उतरला तर दरही उतरेल, हेही त्यातच येऊ द्या.

वेळेची अट मोजता येईल अशी ठेवा : मागणीपासून 12 तासांत गाडी गेटवर, उशीर झाल्यास दर सहा तासांना भाड्याच्या 2 टक्के कपात, जास्तीत जास्त 10 टक्के. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे न्यायालय लिहिलेल्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं, म्हणून 50 टक्क्यांच्या कपातीला अर्थ नाही. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करा : गाडी तुमच्या गेटवर सहा तास भरायला थांबली, तर हॉल्टिंग तुम्ही द्यायचं. हे नसलं की ट्रान्सपोर्टवाला सही करत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

पोहोचवण्याच्या मुदतीचं कलम नुसत्या करारात ठेवून भागत नाही. रस्त्यावरील मालवाहतूक कायदा, 2007 च्या कलम 10 मध्ये उशिराची भरपाई ठरवताना माल पाठवताना भरायच्या फॉरवर्डिंग नोटमध्ये नमूद केलेला कालावधी पाहिला जातो. त्यामुळे प्रत्येक नोटवर 'पोहोच 24 तासांत' लिहा, मालाची किंमत जाहीर करा आणि कलम 11 प्रमाणे जादा जोखमीचा दर द्यायचं लेखी कबूल करा. नाहीतर हरवल्या-मोडल्याची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींवर थांबते. 18,000 च्या भाड्याला 1,80,000. सहा लाखांचा माल असेल तर बाकीचं तुमच्या अंगावर.

आता गेटवरची गोष्ट, कारण बहुतेक प्रकरणं तिथेच बिघडतात. एका पक्षकाराचा करार चोख होता, पण गेटवरचा क्लार्क दर छापलेल्या बिल्टीवर न वाचता सही करायचा. तोच कागद पुढे समोरच्याने दाखवला. तुमच्या माणसाला सांगा : बिल्टीवर सही करताना 'भाडे करारानुसार' असं हाताने लिही. शेजारी रजिस्टरमध्ये गाडी लागल्याची वेळ, भरून निघाल्याची वेळ आणि ड्रायव्हरची सही घ्या. कपातीचा पुरावा हाच. ड्रायव्हरने नकार दिला तर गेटवर उभ्या गाडीचा वेळेसह फोटो त्याच दिवशी ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवा.

सही होईल ती कर्नाटकाच्या ई-स्टँपवर घ्या, आणि बिल्टीच्या मागे दुसऱ्या गावचं न्यायालय छापलेलं असेल तर 'वाद बेळगावच्या न्यायालयात, बिल्टीवरील मजकूर लागू नाही' असं करारात लिहून ठेवा.