अन्वेषकाच्या तोंडचा प्रश्न

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या शेजारशेजारच्या दोन गावांत तुझ्या दोन अन्वेषकांनी रोजगार सर्वेक्षणाच्या मुलाखती घेतल्या. एकीने पंधरा वर्षांवरील 46 स्त्रियांपैकी 4 जणी काम करणाऱ्या म्हणून नोंदवल्या, दुसऱ्याने 44 पैकी 21. दोन्ही गावांत काजूच्या बागा आहेत आणि घरांची ठेवणही सारखीच आहे. या दोघांत खोटे कोण बोलते आहे, असे तू विचारतेस. माझ्या मते दोघेही प्रामाणिक आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारलेला नाही, एवढेच घडले आहे.

तुमच्या अनुसूचीतला प्रश्न मराठीत छापलेला आहे आणि घरातली बाई कोंकणीत बोलते. मधला अनुवाद प्रत्येक अन्वेषक दारात उभ्या उभ्या आपल्या मनाने करतो. पहिलीने बहुधा "तुमी कितें काम करतात?" एवढेच विचारले असेल. ऑगस्टच्या पावसात असे विचारले, तर सत्तरीतली बाई "कांयच ना, घरांतच आसतां" असेच सांगणार. मग घरकाम करणाऱ्यांचा 92 हा कोड पडतो आणि मुलाखत पुढे सरकते. दुसऱ्याला काजूचा हंगाम ठाऊक आहे, म्हणून त्याने "काजूच्या दिवसांत तुम्ही घरच्यांना मदत करता ना?" असे विचारले असेल. त्या "ना"मध्येच होकार दडलेला आहे. पहिलीच्या प्रश्नात काम हरवले आणि दुसऱ्याच्या प्रश्नात ते वाढले.

म्हणून सांगतो, प्रश्न ठरलेल्या शब्दांतच विचारला गेला पाहिजे, आणि ते शब्द कोंकणीतही ठरलेले पाहिजेत. केवळ मूळ प्रश्न ठरवून भागत नाही. उत्तर अपुरे वाटले तर पुढे काय विचारायचे, तेही कागदावर हवे.

तुझ्याच गावातली एक काल्पनिक बाई घेऊ. ती वर्षभर घर सांभाळते. मार्च ते मे या काळात नवऱ्याच्या बागेत बोंडू गोळा करते, बिया वेगळ्या करते, आणि नवरा त्या विकतो. वर्षातला अधिक काळ घरकामात जातो, म्हणून तिची मुख्य स्थिती 92 हीच राहील. पण गेल्या 365 दिवसांत एकूण मिळून 30 दिवस किंवा अधिक तिने बागेत काम केले असेल, तर तिची दुय्यम स्थिती 21, म्हणजे घरच्या व्यवसायात बिनपगारी मदतनीस, अशी लागते. तेच काम तिने दुसऱ्याच्या बागेत रोजाने केले असेल, तर 51. आणि ती फक्त घरच्या चुलीसाठी रानातून सरपण आणत असेल, तर मुख्य स्थितीचा कोड 92 ऐवजी 93 होईल. ती काम करणाऱ्यांत धरली जाणार नाही. म्हणजे अन्वेषकाला तीन गोष्टी कळायला हव्यात: बाग कोणाची, माल विकला की घरी वापरला, आणि दिवस किती. या तीन प्रश्नांपैकी एकही उत्तर सुचवणारा असता कामा नये, आणि ते प्रत्येक बाईला विचारले गेले पाहिजेत, जिच्या अंगणात काजू वाळताना दिसतात तिलाच नव्हे. दिवस आठवायला "गेल्या 365 दिवसांत" हे शब्द कोणालाच उपयोगी पडत नाहीत. गेल्या चवथीपासून या चवथीपर्यंत, शिगम्याच्या आधी की नंतर, अशा खुणांनी वर्ष मोजून घ्यावे. मात्र त्या खुणाही सर्वांनी सारख्याच वापराव्यात.

हे मी आज ठामपणे लिहितो आहे, पण पंचवीस वर्षांपूर्वी मी याच्या अगदी उलट वागलो होतो. एका मोठ्या सर्वेक्षणात माझ्या तुकडीचे आकडे असेच विसंगत आले. वेळ कमी होता, वरून तगादा होता. मी कार्यालयात बसून अनुसूच्या चाळल्या, आणि जिथे बागायतीचा उल्लेख दिसला तिथे 92 च्या जोडीला स्वतःच्या हाताने 21 लिहिला. तक्ते एकसारखे दिसू लागले आणि कोणी काही विचारले नाही. त्या बायकांनी काय सांगितले होते हे मात्र कायमचे पुसले गेले. तेव्हापासून कार्यालयात बसून कोड दुरुस्त करायला मी कधीच संमती दिली नाही. त्यामुळे कामे लांबली, सहकारी नाराज झाले, मला हट्टी म्हटले गेले. तो हट्ट योग्यच होता असे मी आजही मानतो. तू काम करणाऱ्या म्हणून नोंदलेल्या त्या 21 जणींची नावे टेबलावर बसून कमी करणार असशील, तर मला ते कळवूसुद्धा नकोस.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे येतो. दोन गावे दोन अन्वेषकांना वाटून दिल्यावर फरक गावाचा की माणसाचा, हे तुला कधीच कळणार नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या सर्वेक्षणांत यावर उपाय वापरला होता. एकाच क्षेत्राचे दोन स्वतंत्र उपनमुने घ्यायचे आणि ते दोन वेगवेगळ्या तुकड्यांकडे द्यायचे. तूही उरलेल्या गावांत प्रत्येक गावाची घरे चिठ्ठ्या टाकून दोघांत निम्मी निम्मी वाट. गाव एकच असूनही आकडे फार वेगळे आले, तर फरक विचारणाऱ्याचा आहे हे उघड होईल. वीस-बावीस घरांमागे थोडा फरक योगायोगानेही पडतो, तेव्हा चार-पाच गावांची बेरीज होईपर्यंत थांब. प्रवासाचा खर्च वाढेल अशी तक्रार होईल. ती ऐकून घे, पण बेत बदलू नकोस.

"घरे वाढवली की चुका आपोआप झाकल्या जातील" हे तुझे वाक्य मला मुळीच पटले नाही. एका अन्वेषकाने घेतलेल्या उत्तरांत आपसांत 0.02 इतका बारीक सहसंबंध असला आणि त्याच्याकडे 50 मुलाखती असल्या, तरी सरासरीचे विचरण 1 + 49 × 0.02, म्हणजे 1.98 पट होते. जवळजवळ निम्मा नमुना वाया गेल्यासारखे होते. त्याच माणसांकडून आणखी मुलाखती घेतल्यास हा गुणक उलट वाढतो. तो खाली आणायचा तर प्रश्न ठरलेल्या शब्दांतच विचारला गेला पाहिजे.

प्रशिक्षणात सूचना पुस्तिका वाचून दाखवण्यात तीन दिवस घालवू नकोस. वर सांगितलेली बाई तू स्वतः हो, उत्तरे आधी लिहून ठेव, आणि एका अन्वेषकाला मुलाखत घेऊ दे. बाकीच्या सर्वांनी आपापल्या अनुसूचीत ती भरावी, एकमेकांत न बोलता. नंतर कोड फळ्यावर मांड. पहिल्या फेरीत ते जुळणार नाहीत. कोणता शब्द कोणी कसा ऐकला हे तिथेच बोलून घ्या आणि वेगळी बाई घेऊन पुन्हा करा, जुळेपर्यंत.

काम सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस प्रत्येकाच्या मुलाखतीला शेजारी बस आणि गप्प राहा. चूक घराबाहेर पडल्यावर सांग. बाईसमोर टोकलेस, तर अन्वेषकाचा धीर जातो आणि ती बाई तुझ्याकडे पाहून उत्तरे देऊ लागते. आपल्यासमोर मात्र सगळेच नीट वाचतात. म्हणून काही घरी आठवड्याच्या आत न कळवता परत जा आणि दोन-तीनच प्रश्न विचार: घरात एका चुलीवर जेवणारी माणसे किती, बाग कोणाची, काजू विकले का. थोड्या दिवसांत न बदलणाऱ्या गोष्टीच अशा फेरतपासणीला चालतात.

त्या 90 स्त्रियांचे काय, असे तू विचारशील. दोन्ही गावांतल्या सर्व घरी परत जावे लागेल, 21 जणींच्या घरी तेवढे नव्हे. कोंकणी प्रश्न आधी सर्वांनी बसून ठरवा आणि यावेळी गावांची अदलाबदल करा. जुन्या अनुसूच्या जशाच्या तशा ठेव, नवीन उत्तरे वेगळ्या अनुसूचीत घे. ठरलेले कोंकणी शब्द निघण्यापूर्वी मला लिहून पाठव. मी ते वाळपईकडच्या दोन बायकांना वाचून दाखवीन आणि त्यांना काय समजले ते तुला कळवीन.

तुझा,
जुना पर्यवेक्षक