सनस्क्रीनच्या वळ्या का निघतात

प्रश्न: सकाळी व्हिटॅमिन सी सीरम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांचा बरोबर क्रम कोणता? सनस्क्रीन चोळताना मळ काढल्यासारख्या पांढऱ्या वळ्या निघतात. माझा क्रम चुकतोय का?

क्रम सीरम, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन हाच. बहुतेक तुम्हीही असंच लावत असणार, कारण वळ्या क्रमापेक्षा घाईने आणि जाड थराने जास्त निघतात.

आमच्या भाचीचं अगदी हेच चाललं होतं. शहापूरहून उद्यमबागला स्कूटीवर जाते, सव्वाआठला घर सोडते. आंघोळ करून आली की ओल्या तोंडावरच अख्खा ड्रॉपर सीरम, त्यावर हरभऱ्याएवढं जेल मॉइश्चरायझर दोनदा, लगेच सनस्क्रीन, आणि सगळं मिळून चार मिनिटांत. मग कपाळावर आणि हनुवटीशी वळ्या. त्या पुसायच्या म्हणून ती ओला रुमाल फिरवायची, म्हणजे होतं तेही गेलं. पुढे वळ्यांना कंटाळून सनस्क्रीनच कमी घ्यायला लागली, बोटाच्या एका पेराएवढं. खरं नुकसान इथं आहे. वळ्या दिसायला वाईट, एवढंच. कमी लावलेलं सनस्क्रीन मात्र दिसत नाही.

सनस्क्रीनवरचा एसपीएफचा आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. चेहरा आणि मानेसाठी त्याचा सोपा अंदाज म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा. एका पेराएवढ्यात डबीवरचा ५० हा ५० राहत नाही. ५० ग्रॅमची ट्यूब रोज लावूनही चार महिने पुरत असेल, तर तुम्ही कमी लावताय, दुसरा हिशेब करायची गरज नाही.

आता वळ्यांचं कारण. जेल मॉइश्चरायझर घट्ट करायला त्यात बहुतेकदा कार्बोमर किंवा झँथन गम असतो. पाणी उडालं की त्याचा पातळ पापुद्रा राहतो. पापुद्रा अर्धवट वाळलेला असताना वरून सिलिकॉनवालं सनस्क्रीन घेऊन बोट चोळलं की तो सुटतो आणि गुंडाळत जातो. सारवण ओलं असताना त्यावर दुसरा हात मारला तर खालचा थर कसा उखडून येतो, तसंच. सनस्क्रीनमध्ये सिलिकॉन आहे का ते ओळखायला घटकांच्या यादीत वरच्या पाच-सहा नावांत डायमेथिकोन किंवा सिलोक्सेनवर संपणारं नाव शोधा. सिलिकॉन वाईट नाही. ते फक्त चोळून घेत नाही.

तुमच्याकडे दोषी नेमकं कोण, हे चेहऱ्यावर शोधत बसू नका. सुट्टीच्या दिवशी कोपराखालच्या आतल्या बाजूला तीन चौकोन धरा. पहिल्यात सीरम आणि सनस्क्रीन, दुसऱ्यात मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, तिसऱ्यात तिन्ही, आणि तेही तुम्ही एरवी जेवढ्या घाईत लावता तेवढ्याच घाईत. मग बोटाने दहा वेळा घासा. भाचीच्या हातावर पहिला चौकोन स्वच्छ राहिला, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात वळ्या. दुसरा चौकोन पुन्हा पाच मिनिटं थांबून केला, तर काही निघालं नाही. म्हणजे तिघांत भांडण नव्हतंच. मॉइश्चरायझरला वाळायला वेळ मिळत नव्हता. पहिल्याच चौकोनात वळ्या आल्या तर मात्र सीरमकडे बघावं लागेल.

तिचा आत्ताचा क्रम असा आहे. तोंड टॉवेलने टिपून पूर्ण कोरडं करायचं. सीरमचे चार थेंब तळहातावर घेऊन चेहऱ्यावर दाबत पसरायचे आणि चिकटपणा जाईपर्यंत, म्हणजे दीड-दोन मिनिटं, सोडायचं. अर्धा तास थांबा म्हणणारे भेटतात, पण नुसतं लावायच्या सीरमला एवढं थांबायची गरज नाही. मग मॉइश्चरायझर एका वाटाण्याएवढं, आणि त्यानंतर पाच मिनिटं. त्या वेळात ती डबा भरते. शेवटी सनस्क्रीन दोन हप्त्यांत: आधी एका बोटाचं ठिपके देऊन थापत पसरायचं, एक मिनिटाने दुसऱ्या बोटाचं. शेवटचा हात गोल गोल फिरवायचा नाही. मृग लागला की मॉइश्चरायझर बंद. बेळगावच्या दमट पावसाळ्यात तिच्या तेलकट त्वचेला सनस्क्रीनचं क्रीमच पुरतं. थंडीत कोरडा वारा सुटला की पुन्हा सुरू.

सीरम सगळ्यांत खाली का, तेही सांगतो. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत शिरायला पीएच साडेतीनच्या खाली लागतो, म्हणून ते उघड्या, कोरड्या त्वचेला आधी लागायला हवं. ओल्या तोंडावर ते पातळ होतं आणि चुरचुरतंही जास्त. बाटलीतलं द्रव फिकट पिवळं असेल तर चालेल, चहासारखं तपकिरी झालं तर फेकून द्या, ते ऑक्सिडाइझ झालंय. गिझरशेजारच्या खिडकीत बाटली ठेवणाऱ्यांचं हे लवकर होतं. तुमच्या बाटलीवर सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट लिहिलं असेल तर पीएचची ही कटकट नाही, क्रम मात्र तोच.

आता वहिनींसाठी, कारण त्या हे वाचणार आहेत. त्यांचं म्हणणं, "तोंडावर जाऊन एकच होतंय की सगळं", म्हणून त्या मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन तळहातावर कालवून लावतात. वहिनी, एक होत नाही. सनस्क्रीन सलग थर बनवून काम करतं. त्यात मॉइश्चरायझर मिसळलं की तो थर पातळ पडतो, जागोजागी फटी राहतात, आणि किती एसपीएफ उरला हे ते बनवणाराही सांगू शकणार नाही. वरून मॉइश्चरायझर थापलं तरी हाच प्रकार. केमिकल सनस्क्रीन आधी त्वचेत मुरवावं लागतं, म्हणून ते सगळ्यांत खाली, हाही दुकानातल्या काउंटरवरचा जुना सल्ला, माझ्या मते चुकीचा. आणि "ढगात कशाला सनस्क्रीन" याचं उत्तर असं, की ढगातून आणि काचेतून यूव्हीए किरण बऱ्यापैकी येतात. वांग असलेल्या माणसाने तर पावसाळ्यात सुट्टी घेऊच नये. व्हिटॅमिन सीने दिवसा तोंड काळं पडतं, हेही त्यांनी सोडून द्यावं. जुनं झालेलं सीरम कधी कधी त्वचेवर पिवळट छटा सोडतं, ती धुतल्यावर नाही गेली तरी काही दिवसांत जाते. सनस्क्रीनच्या खाली सकाळी सीरम लावण्यात तर फायदाच आहे.

एक राहिलंच. सीरमने दोन मिनिटांपेक्षा जास्त आग होत असेल किंवा त्वचा सोलवटली असेल, तर आठवडाभर सीरम बंद ठेवा आणि नुसतं मॉइश्चरायझर-सनस्क्रीन चालू द्या. कोरड्या त्वचेच्या बायकांनी मॉइश्चरायझरचा हात आधी देऊन मग सीरम घेतलं तर कमी शिरतं, पण निदान सोसतं. वांगाचे डाग गडद होत चालले असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि स्कूटीवर ओढणी बांधत असाल तर सनस्क्रीननंतर पंधरा मिनिटांनी बांधा. ओल्या थरावर ओढणी ताणली की नाकाचा शेंडा आणि गालाची हाडं पुसली जातात, आणि उन्हात सगळ्यांत पुढे तीच असतात. भाचीला ऑफिसात पोचल्यावर ओढणीच्या आतल्या बाजूला पांढरा पट्टा दिसायचा, तो तिच्या नाकावरचाच होता.