आधी विचार: करार मुळात आहे का, की मोडता येतो?

भारतीय करार कायद्याच्या प्रश्नांत नवीन मुलं इथेच घसरतात. दिशाभूल, चूक, गैरवाजवी प्रभाव, तिन्हींपुढे सरळ 'करार रद्द' लिहून मोकळी होतात. तू तसं करू नकोस. कोपरीतला एक जुना टेम्पो घे, किंमत 3 लाख.

विकणारा मनापासून समजून सांगतो, मॉडेल 2018चं आहे. निघतं 2015चं. ही दिशाभूल (कलम 18). संमती आहे, पण मोकळी नाही, म्हणून करार घेणाऱ्याच्या मर्जीवर: मोडू शकतो किंवा चालू ठेवू शकतो. मात्र आरसी बुक समोर असून त्याने उघडलंच नसेल, तर कलम 19चा अपवाद आडवा येतो: साधी खबरदारी घेतली असती तर खरं कळलं असतं. परीक्षेत हे बहुतेक जण विसरतात. आणि विकणाऱ्याला खरं वर्ष माहीत असेल, तर ती फसवणूक, वेगळं कलम.

आता समज, सौद्याच्या आदल्या रात्री टेम्पो जळून खाक झालाय आणि दोघांनाही पत्ता नाही. ही दोघांची चूक, कलम 20. इथे मोडायला करारच नाही, आगाऊ दिलेले पैसे परत (कलम 65). फक्त 'महाग घेतला' ही चूक धरत नाहीत.

तिसरं, गैरवाजवी प्रभाव: टेम्पो म्हाताऱ्या मावशीचा, घेणारा तिला सांभाळणारा भाचा, भाव 40 हजार. वर्चस्व आणि उघड अन्याय्य भाव दिसला की दबाव नव्हता हे भाच्यानेच सिद्ध करायचं. करार मावशी मोडू शकते, कलम 19अ.