सोमवारी अकराच्या बैठकीआधी

प्रिय पोरी,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. तू पाठवलेला नोटिशीचा फोटो नीट वाचला. “स्टोअरमधील साहित्याच्या तफावतीबाबत चर्चेसाठी सोमवारी सकाळी 11 वाजता हजर राहावे.” एवढंच. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पर्सोनेलमध्ये वीस वर्षं काढली. अशा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी पुष्कळदा बसले आहे. तिथून जे दिसतं, ते तुला सांगते.

तुझी नोटीस आरोपपत्र नाही. ही प्राथमिक चौकशी आहे, म्हणजे नेमकं काय घडलं ते कंपनी आधी शोधते आहे. पुढे आरोपपत्र आलंच, तर रीतसर खातेनिहाय चौकशी होईल. तिथे साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते, बहुतेक ठिकाणी मदतीला सहकारी घेता येतो. शिक्षा ठरवण्याआधी चौकशी अहवालाची प्रत द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच सांगितलं आहे. सोमवारी यातलं काही हक्काने मिळेलच असं नाही. पण सोमवारी तू जे बोलशील आणि ज्यावर सही करशील, तेच कागद पुढच्या चौकशीत तुझ्यासमोर ठेवले जातील. म्हणून “नुसती चर्चा आहे” असं समजून जाऊ नकोस.

आज रात्रीच एचआरला छोटा मेल कर. साधारण असा: “सोमवारच्या बैठकीस मी हजर राहीन. नेमकी कोणती तफावत, कोणत्या तारखेची आणि माझ्याबाबत काय म्हणणे आहे, ते कृपया कळवावे. बैठकीला कोण असेल, मला सहकारी सोबत आणता येईल का, आणि नोंदवलेल्या जबाबाची प्रत मिळेल का, हेही कळवावे. संबंधित दिवसाचे स्टोअर व गेटचे सीसीटीव्ही चित्रण, माझ्या लॉगिनची नोंद आणि हजेरीची पंचिंग नोंद जपून ठेवावी, ही विनंती.” शेवटचं वाक्य गाळू नकोस. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही. जागा भरली की जुन्यावर नवं चढतं, कित्येक ठिकाणी पंधरा दिवस ते महिन्याभरात. नंतर मागितलंस तर “आता उपलब्ध नाही” हे उत्तर खरंही असू शकतं.

आता मूळ गोष्ट. आई म्हणाली त्याप्रमाणे 11 तारखेला संध्याकाळी 6:42 ला तुझ्या लॉगिनवरून कार्बाईड इन्सर्टच्या 12 पेट्या मशीन शॉपला दिल्याची नोंद आहे आणि मशीन शॉप म्हणतं, आम्हाला मिळाल्याच नाहीत. एका पेटीत दहा इन्सर्ट, म्हणजे 120 नग. खिशात मावणारा आणि महाग माल, त्यामुळे प्रकरण हलकं नाही. तू 6:10 ला पंच आउट केलंस. 6:38 ला पाथर्डी फाट्यावर भाजीवाल्याला फोनवरून पैसे दिलेस. हे दोन पुरावे चांगले आहेत. पैशांचा तो मेसेज मूळ फोनमध्ये तसाच राहू दे, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ती ओळ दिसते का तेही बघ. पण यातून सिद्ध काय होतं, ते ओळख. 6:42 ला तू स्टोअरच्या संगणकावर नव्हतीस, एवढंच. पेट्या कोणी नेल्या, ते यातून कळत नाही आणि ते सांगणं तुझं कामही नाही. नोंद कोणत्या संगणकावरून झाली, हे त्यांना शोधायला सांग. इश्यू स्लिपवर माल घेणाऱ्याची सही आहे का आणि बिन कार्डावर त्या दिवशी शिल्लक किती लिहिली आहे, हेही बघायला सांग. कंपनीच्या फाइली मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस. मूळ आरोप टिकला नाही तरी तो दुसरा आरोप टिकतो.

आईला तू जे दबक्या आवाजात सांगितलंस, त्यावर आता येते. सेकंड शिफ्टला माल अडू नये म्हणून तू तुझा पासवर्ड एका सहकाऱ्याला दिला होतास. मला वाटतं, सोमवारची सगळी बैठक याच वाक्यावर फिरेल. ते लपवायचा मोह होईल. लपवू नकोस. पासवर्ड देणं ही चूक आहे, त्याबद्दल ताकीद किंवा त्याहून जास्तही मिळू शकतं. पण ती चोरी नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं तुझ्याच हातात आहे. मी एका चौकशीत होते, तिथे स्टोअरचा मुलगा ठामपणे म्हणाला, “माझी चावी मी कधीच कुणाला दिली नाही.” एका दिवसाच्या रजिस्टरमध्ये चावी दुसऱ्याने घेतल्याची सही निघाली. माल त्याने नेला नव्हता, असं मला आजही वाटतं. पण त्या क्षणानंतर टेबलावरच्या कोणीही त्याच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास ठेवला नाही. चौकशीत फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. कोणाचं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं, त्यावर निर्णय होतो.

तेव्हा विचारण्याआधी तूच सांग: “त्या महिन्यात मी माझा पासवर्ड एका सहकाऱ्याला दिला होता. ते नियमाविरुद्ध होतं, माझी चूक आहे. 11 तारखेची नोंद मी केलेली नाही.” मग थांब. नाव विचारलं तर खरं नाव सांग, पण “त्यानेच नेलं असणार” असं म्हणू नकोस, कारण ते तुला माहीत नाही. आणि त्या सहकाऱ्याला आत्ता फोनही करू नकोस. तू सहज केलास तरी साक्षीदाराला पढवल्यासारखं दिसेल.

बोलताना तीन वाक्यं वेगवेगळी वापर: “मी केलं नाही”, “मला आठवत नाही” आणि “मला माहीत नाही”. घाबरलेली माणसं आठवत नसलं की “नाही” म्हणून टाकतात. उत्तर झाल्यावर समोरचे काही वेळ काहीच बोलत नाहीत, नुसते लिहितात. ती शांतता भरून काढायला माणूस नको ते बोलतो. पाण्याचा घोट घे, गप्प बस. आवाज चढला तर “प्रश्न पुन्हा सांगाल का, सर?” एवढंच म्हण.

शेवटी टाइप केलेला जबाब सहीसाठी समोर येईल. कितीही उशीर झाला असला तरी प्रत्येक ओळ वाच. तू म्हणशील “एका सहकाऱ्याला दिला होता” आणि कागदावर येईल “पासवर्ड सर्वांना माहीत होता”. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं नाही, तो आशय लिहितो. तो शब्द खोड, वर बरोबर शब्द लिही, बाजूला छोटी सही कर, आणि प्रत्येक पानावर सही कर. पानावर रिकामी जागा उरली असेल तर त्यावर आडवी रेघ मार. कोऱ्या कागदावर सही नाही. “राजीनामा दे, इथेच मिटवू” असं कोणी म्हणालं, तर “मला विचार करायला वेळ हवा, लेखी कळवते” एवढंच सांगून उठ. पोलीस तक्रारीची भाषा निघाली, तर पुढचं उत्तर देण्याआधी वकिलाशी बोलायचं आहे, असं स्पष्ट सांग. मी एकीला ओळखते, फौजदारी कामं करते, तिला सांगून ठेवते.

त्या दिवसाचा क्रम एका पानावर लिही: वेळ, काय घडलं, आणि ते कशावरून कळतं. कशावरून कळतं हे लिहिता आलं नाही, तर तिथे “आठवणीतून” असं लिही. रविवारी संध्याकाळी ते पान घेऊन माझ्याकडे ये. उत्तरं पाठ करून येऊ नकोस.

तुझी,
मावशी