स्नेहमेळाव्याच्या नोंदणीची शेवटची तारीख कोणती ठेवावी?

"आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. केटरर चार दिवस आधी आकडा मागतोय, स्मरणिका छापणारा आठ दिवस आधी. लोक मात्र आदल्या दिवशीपर्यंत 'येतोय रे' म्हणत राहतात. मुदत नक्की कधीची ठेवू?"

मुदत छापखान्यावरून ठरवा, केटररवरून नाही. ताटं शेवटी दहा-वीस वाढवता येतात, पण छापून झालेल्या यादीत नाव घालता येत नाही.

आमचा मेळावा 28 डिसेंबरला, रविवारी होता. स्मरणिका शुक्रवारी 26 ला हातात हवी होती. 25 ला नाताळाची सुट्टी, म्हणून छापखान्याने शनिवारी 20 ला अंतिम मजकूर मागितला. आम्ही नोंदणी बुधवारी 17 ला रात्री दहाला बंद केली. मधले दोन दिवस पैसे जुळवण्यात जातात: कोणी नवऱ्याच्या खात्यातून पाठवलेले असतात, कोणी दोघांचे भरून एकच नाव लिहिलेलं असतं. हे दोन दिवस ठेवले नाहीत, तर हा घोळ छापील यादीत उतरतो.

आदल्या वर्षी आम्ही 'शक्यतो 20 पर्यंत कळवा' असं लिहिलं होतं. त्या 'शक्यतो'नेच घात केला. या वेळी सरळ लिहिलं: पैसे जमा झाले तरच नोंदणी. ग्रुपवरचा अंगठा धरला नाही.

उशिरा येणाऱ्यांसाठी एक दार उघडं ठेवलं होतं. मंगळवारी 23 पर्यंत फक्त जेवणाची नोंद, दीडशे रुपये जास्त, स्मरणिकेत नाव नाही. हे पहिल्याच निरोपात सांगितलेलं असल्यामुळे रुसवेफुगवे झाले नाहीत. एका सरांसाठी नियम मोडला, पण फक्त जादा पैशांचा. यादीत त्यांचंही नाव नव्हतं. नावाचे बिल्ले मात्र वीस कोरे जास्त छापून घ्या, स्केचपेनने नाव लिहिलं की काम भागतं.

केटररला 'किमान ताटं किती धरता?' हे आधीच विचारा. साधारणपणे तुम्ही दिलेल्या आकड्याचे पैसे द्यावेच लागतात, माणसं कमी आली तरी. त्यावरची ताटं मोजून लावतात. म्हणून मी भरलेल्या नावांपेक्षा थोडा कमी आकडा देतो. आमच्याकडे उशिराची धरून 212 जणांचे पैसे आले होते. बुधवारी 24 ला सकाळी 200 सांगितले आणि 'पंधरापर्यंत वाढतील' हे चिठ्ठीवर लिहून घेतलं. जेवायला 204 आले. जैन जेवण आणि पाच वर्षांखालची मुलं यांचे आकडे वेगळे द्या, नाहीतर ऐनवेळी कांदा-लसणाशिवायची भाजी पुरत नाही.

तारीख पुढे ढकलायचा आग्रह होईलच. तेव्हा ग्रुपवर छापखान्याची तारीख टाका. लोक आयोजकाशी वाद घालतात, छापखान्याशी घालत नाहीत. आणि फॉर्म त्याच रात्री बंद करा. उघडा राहिला, तर सकाळी चार नावं येतात आणि त्यांना नाही म्हणायचं काम तुमच्याच गळ्यात पडतं.