डिटॉक्स टीने चार दिवसांत दोन किलो उतरले, ही चरबी आहे का?

प्रश्न: सोलापूरला असते, वय 34, वजन 74 किलो. सकाळी जिऱ्याचं पाणी, मग लिंबू-मध आणि रात्री ऑनलाइन मागवलेला डिटॉक्स टी घेते. चार दिवसांत दोन किलो उतरले! आता ॲपल सायडर व्हिनेगरही सुरू करू का? आईला शुगर आहे, तिलाही देऊ का?

उत्तर:

ताई, मी सोलापुरातच आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आधी त्या दोन किलोंचा हिशोब करू.

एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. दोन किलोंच्या झाल्या 15,400. तुमच्या वयाच्या, वजनाच्या आणि बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला अंदाजे 1,900 कॅलरी लागतात. म्हणजे चार दिवस तुम्ही अन्नाचा कणही खाल्ला नसता तरी तूट 7,600 ची झाली असती, जेमतेम एक किलोची. तुम्ही तर जेवत होता. मग काट्यावरून जे उतरलं त्यातलं बहुतेक सगळं पाणी आणि पोटातला मळ.

ते कशाने उतरलं हे पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात सापडेल. सोनामुखी, सेन्ना, सनाय किंवा कॅसिया अँगुस्टिफोलिया यांपैकी काही लिहिलंय का बघा. रात्री प्यायल्यावर सकाळी पोटात मुरडा येऊन दोन-तीनदा जावं लागत असेल, तर बहुतेक तेच आहे. सोनामुखीतला रेचक पदार्थ लहान आतड्यात फारसा शोषला जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं रूपांतर करतात तेव्हाच त्याचा परिणाम सुरू होतो. आतडं जोरात हलतं, त्यात पाणी सुटतं. याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून चहा रात्री घ्यायला सांगतात. पण जेवणातल्या कॅलरी तोवर लहान आतड्यातच रक्तात गेलेल्या असतात. चहा जे बाहेर काढतो ते त्यानंतरचं.

खात्री करायची तर चहा बंद करा, नेहमीसारखं खा-प्या आणि तीन-चार दिवसांनी सकाळी शौचाला जाऊन आल्यावर त्याच काट्यावर उभ्या राहा. जेवढं परत आलं तेवढं पाणी आणि मळ होता.

आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर हा चहा मला मुळीच नको वाटतो. घामाने आधीच पाणी जातं, त्यात जुलाबाने पाणी आणि पोटॅशियम दोन्ही जातात. पायात गोळे, चक्कर किंवा छातीत धडधड झाली तर चहा लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

लिंबाने चरबी जळत नाही, आणि मध ही साखरच आहे. मोठा चमचा भरून मध म्हणजे साधारण 60 कॅलरी, चहाच्या तीन चमचे साखरेइतक्या. लिंबूपाणी आवडत असेल तर मधाशिवाय प्या.

जिऱ्यावर इराणमध्ये एक प्रयोग झाला होता. त्यात बायकांना रोज तीन ग्रॅम जिरेपूड दह्यातून दिली होती, शिवाय त्यांचं जेवणही कमी केलेलं होतं. तीन महिन्यांनी जिरं न घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं वजन साधारण सव्वा-दीड किलोच जास्त उतरलं. तुम्ही पिता ते उकळून गाळलेलं पाणी, पूड नव्हे. तरी ते चालू ठेवायला हरकत नाही. त्याच्यामुळे सकाळचा दोन चमचे साखरेचा चहा सुटला असेल तर त्या 40 कॅलरी नक्की वाचल्या.

व्हिनेगरचा गाजावाजा लेबनॉनच्या 2024 च्या अभ्यासामुळे वाढला. बारा आठवड्यांत सहा-आठ किलो उतरल्याचा त्यात दावा होता. आकडेवारी तपासली तेव्हा ती विश्वासार्ह ठरली नाही आणि 2025 मध्ये नियतकालिकाने तो अभ्यास मागे घेतला. त्याआधी जपानमध्ये झालेल्या प्रयोगात बारा आठवड्यांत एक-दोन किलोच उतरले होते. एवढ्यासाठी मी ते सुरू करणार नाही. घ्यायचंच असेल तर एक चमचा मोठ्या ग्लासभर पाण्यात, कधीही नुसतं नाही, आणि लगेच ब्रश करू नका. आम्लाने दातांचं वरचं आवरण झिजतं.

आईंना मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका. व्हिनेगरमुळे पोट सावकाश रिकामं होतं. त्या इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील, तर औषधाचा जोर आणि जेवणातली साखर यांची वेळ चुकून शुगर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, एकदम भूक ही त्याची लक्षणं. जुन्या मधुमेहात काहींचं पोट आधीच मंद झालेलं असतं. जेवल्यावर बराच वेळ पोट भरलेलं वाटणं, उलटीसारखं होणं असा त्रास त्यांना असेल तर तो आणखी वाढेल. त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आधी डॉक्टरांना विचारा.

आणि तुमच्या वजनाचं म्हणाल तर ताटात शेंगाचटणी किती आणि तिच्यावर तेल किती, हे एकदा मोजा. दोन मोठे चमचे चटणी आणि वर छोटा चमचा तेल यांच्याच 200 च्या आसपास कॅलरी होतात. चटणी सोडू नका, सोलापुरात राहून ते जमणारही नाही. एक चमचा घ्या, तेलाऐवजी दही घ्या.