गाडी आत्ता किती लेट आहे ते नको, ठाण्याला किती लेट पोचेल ते काढा

प्रश्न: अकोल्याहून रात्रीच्या मुंबई गाडीने निघणार आहे. ती ठाण्याला सकाळी ६.०० ला पोचते. तिथून पावणेआठच्या सुमाराची मांडवी पकडून रत्नागिरीला जायचंय. दोन्ही तिकिटं वेगवेगळी आहेत. पहिली गाडी लेट झाली तर पुढची मिळेल की नाही हे रात्री वाटेतच कसं ओळखायचं? ॲपवर प्रत्येक वेळी वेगळाच आकडा दिसतो.

उत्तर:

ॲपवरचा 'इतकी मिनिटं लेट' हा आकडा गाडीची शेवटची नोंद जिथे झाली त्या स्टेशनचा असतो. तुम्हाला हवा असतो ठाण्याचा आकडा. या दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी काही मिनिटं भरून काढते किंवा आणखी गमावते, आणि तुमच्या मार्गावर गमावण्याची शक्यता जास्त आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी आकडा येतो कुठून ते पाहू. गाडी स्टेशनात आली, सुटली किंवा न थांबता पास झाली, की स्टेशन मास्तर ती वेळ सेक्शन कंट्रोलरला कळवतो. कंट्रोल ऑफिसमधली ही नोंद NTES या गाड्यांची स्थिती दाखवणाऱ्या रेल्वेच्या यंत्रणेत येते. आता बऱ्याच इंजिनांवर उपग्रहावरून जागा कळवणारं यंत्रही असतं, त्यामुळे नोंदी पूर्वीपेक्षा लवकर होतात. तरीही तुम्हाला दिसते ती झालेली शेवटची नोंद असते. पुढच्या सगळ्या स्टेशनांच्या वेळा अंदाजाच्या असतात. काही खासगी ॲप्स नवी नोंद नसली तरी नकाशावरची गाडी वेळापत्रकाप्रमाणे पुढे सरकवत राहतात. गाडी एखाद्या सिग्नलला उभी असते आणि पडद्यावर मात्र ती धावत असते. तुम्हाला वेगवेगळे आकडे दिसतात ते बहुतेक यामुळेच.

म्हणून रेल्वेचंच mNTES ॲप वापरा. त्यातल्या Spot Your Train मध्ये गाडीचा नंबर टाकल्यावर तारीख निवडावी लागते, आणि इथे खूप जण चुकतात. ती तारीख गाडी तिच्या पहिल्या स्टेशनवरून निघाल्याची असते. तुमची गाडी आदल्या दुपारी-संध्याकाळी निघून मध्यरात्रीनंतर नाशिकला येते. पहाटे दोनला 'आजची' तारीख निवडलीत तर अजून सुटायचीच असलेली गाडी दिसेल. त्यानंतर शेवटच्या स्टेशनचं नाव आणि नोंदीची वेळ पाहा. मिनिटांचा आकडा त्यानंतर.

नोंद जुनी वाटली तर साधी पडताळणी आहे. समजा नाशिकरोडहून गाडी सुटल्याची नोंद तासाभरापूर्वीची आहे आणि इगतपुरीची नोंद अजून नाही. हे अंतर सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे साधारण ५० मिनिटांचं. Live Station मध्ये इगतपुरी टाका आणि तुमच्या गाडीच्या मागून येणाऱ्या गाड्या बघा. मागची गाडी इगतपुरीला पोचल्याचं दिसत असेल, तर तुमची गाडी बाजूच्या लाइनला घेऊन मागचीला पुढे काढलंय. कुठलीच गाडी पुढे सरकलेली दिसत नसेल, तर लाइनवरच काहीतरी अडलंय आणि आकडा वाढणार. बाकी सगळ्यांच्या नोंदी वेळेवर आहेत आणि फक्त तुमच्याच गाडीची नाही, तेव्हा नोंद राहून गेली असण्याचीही शक्यता असते. त्या वेळी पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा.

आता भरून काढण्याबद्दल. वेळापत्रकात रुळांच्या कामासाठी आणि वाहतुकीसाठी काही जादा मिनिटं मुद्दाम घातलेली असतात. ती सगळीकडे सारखी वाटलेली नसतात. बरीचशी शेवटच्या स्टेशनच्या आधी किंवा विभागाची हद्द बदलते त्याच्या आधी असतात. म्हणूनच सीएसएमटीला जवळपास वेळेवर पोचलेली गाडी ठाण्याला वीस मिनिटं लेट असू शकते. 'ही गाडी मुंबईला नेहमी वेळेवर येते' हे ऐकून निर्धास्त होऊ नका, कारण ठाण्याला उतरणाऱ्याला ठाण्याच्या पुढची जादा मिनिटं उपयोगाची नाहीत. खरा अंदाज घ्यायचा तर Spot Your Train मध्ये मागच्या काही दिवसांच्या तारखा निवडून मनमाड, इगतपुरी आणि ठाणे या तीन ठिकाणचा लेटचा आकडा टिपून ठेवा. इगतपुरीला ३० आणि ठाण्याला ३५, असं दोन-तीन दिवस दिसलं की तुमची गाडी या टप्प्यात काही भरून काढत नाही हे कळतं.

ती भरून काढत नाही याचं कारण घाट आणि लोकल. इगतपुरी ते कसारा हा थळ घाट, ३७ ला १ चढाचा. मुंबईकडे येताना तो उतार आहे, तेव्हा वेग बांधलेला असतो आणि ड्रायव्हरने ठरवलं तरी इथे वेळ वाचत नाही. पुढे कसारा ते कल्याण मेल गाड्या आणि कसाऱ्याच्या लोकल एकाच रुळांवर धावतात. वेळेवर असलेली गाडी पहाटे इथून गर्दी सुरू व्हायच्या आत निघून जाते. तीच गाडी तासभर उशिरा आली की कामावर जाणाऱ्यांच्या लोकलच्या मध्ये सापडते. एखाद्या थांबत-थांबत जाणाऱ्या लोकलच्या मागे लागली की दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. कल्याणपासून ठाण्यापर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्यांना पाचवी-सहावी लाइन आहे, त्यामुळे तिथे नुकसान कमी होतं, पण फायदाही विशेष होत नाही.

आता तुमचा हिशेब मांडू. मधल्या वेळा मी गोल धरल्या आहेत, तुमच्या गाडीच्या वेळापत्रकातल्या खऱ्या वेळा तिथे घाला. ठाण्याला ६.००, मांडवी ७.४५, म्हणजे मध्ये १०५ मिनिटं. सामान घेऊन उतरणं, पूल, इंडिकेटर बघणं, डबा शोधणं याला २० मिनिटं. राहिली ८५. म्हणजे ठाण्याला गाडी ७.२५ च्या आत लागली पाहिजे. आता उलटं मागे या. कसारा-कल्याणमध्ये जाणारी १५ मिनिटं वजा केली की इगतपुरीला ७० मिनिटांपर्यंतचा उशीर परवडतो. इगतपुरीची वेळ ३.४५ असेल तर तुमची शेवटची मर्यादा ४.५५. मनमाडची वेळ १.५५ असेल आणि मनमाड-इगतपुरीत फारसं काही भरून निघत नसेल, तर तिथली मर्यादा ३.०५. या दोन वेळा कागदावर लिहून ठेवा. रात्री झोपेतून उठून एवढंच बघायचं, की नोंद या वेळेच्या आतली आहे की नंतरची.

समजा चाळीसगावला गाडी ८० मिनिटं लेट आहे आणि मनमाडला ३.१५ ला लागली. मर्यादा दहा मिनिटांनी हुकली. इगतपुरी ५.०५, आणि पंधरा मिनिटं गेली तर ठाणे ७.३५. मांडवीला दहा मिनिटं राहतात. पाठीवर एक बॅग असेल तर जमेल, दोन सुटकेसा आणि आई-वडील सोबत असतील तर नाही. इथे दुसरी गाडी उशिरा येईल ही आशा धरू नका. मांडवी सीएसएमटीहून ७.१० ला निघते आणि ठाणे तिथून जेमतेम ३४ किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात गाडीला उशीर व्हायला वावच कमी असतो. ती सुटायलाच उशीर झाला तरच फायदा, आणि तसं असेल तर Trains Exception Info मध्ये वेळ बदलल्याचं दिसतं. तेवढं मात्र जरूर तपासा.

अशा वेळी कल्याणला उतरून टॅक्सीने पनवेल गाठून तिथे मांडवी पकडायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. आकडे मांडून बघा. मांडवी पनवेलला साडेआठच्या आसपास येते. गाडी कल्याणला सातला लागली तर ती ठाण्याला ७.२५ ला पोचतेच, मग उतरायचं कारण नाही. सव्वासातनंतर कल्याण आलं तर सकाळच्या शिळफाट्यावरून पाऊण-एक तासात पनवेल गाठणं भरवशाचं नाही. शिवाय ठाण्याचं बोर्डिंग असताना तिथे चढला नाहीत, तर तुमची सीट आरएसीवाल्याला दिली जाऊ शकते. त्यापेक्षा ठाण्यापर्यंत बसून राहा. मांडवी गेलीच तर मागून लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती आणि मत्स्यगंधा आहेत. सकाळीच त्यांच्या जागा बघा, नाहीतर जनरलच्या तिकिटाची तयारी ठेवा.

पैशांचं काम मात्र तिकीट काढतानाच करायचं असतं. १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर एकमेकांना जोडता येतात. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या, न केलेल्या प्रवासाचे पैसे रद्द करण्याचा आकार न कापता परत मिळतात. अट अशी, की दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचा तपशील तोच हवा, आणि पहिलं तिकीट जिथे संपतं तिथूनच दुसरं सुरू व्हायला हवं. तुमचं दोन्हीकडे ठाणेच आहे, हे उत्तम. अकोला-दादर काढून ठाण्याला उतरायचा बेत असता तर अडचण आली असती. तिकिटं अजून काढली नसतील तर दुसरं तिकीट पहिल्याचा पीएनआर देऊन, जोडप्रवास म्हणूनच काढा. पीएनआर जोडला म्हणून मांडवी तुमच्यासाठी थांबणार नाही, ही सोय फक्त परताव्याची आहे.

गाडी चुकली तर पहिली गाडी ठाण्याला प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत मागणी करायची. ऑनलाइन तिकीट असेल तर टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरायचा, खिडकीचं असेल तर ठाण्याच्याच खिडकीवर ते परत करायचं. जोडलेलं नसेल आणि मांडवी वेळेवर गेली असेल, तर चार्ट लागल्यानंतर परताव्याची आशा ठेवू नका. उलट मांडवीच तीन तासांहून जास्त लेट झाली आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तर जोडलेलं नसतानाही पूर्ण पैसे मिळतात. त्यासाठी ती ठाण्याहून प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर भरलेला असला पाहिजे.